साखर घेणं आणि सूप विकणं: पिनयिनवरच्या चार खुणा

मँडरिनच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यातल्या सरावपत्रिकेत अशी एक ओळ हमखास येते: पिनयिनमध्ये, म्हणजे रोमन लिपीत, छापलेले तीन-चार सिलॅबल, आणि त्यांच्या डोक्यावर चार सुरांपैकी योग्य सुराची खूण करायला सोडलेली जागा. समजा, ओळ ही आहे:

wo mai tang

wo म्हणजे मी. तो तिसऱ्या सुरात म्हणतात, त्यात शंका नाही. प्रश्न पुढच्या दोघांचा आहे. mai तिसऱ्या सुरात, म्हणजे mǎi, याचा अर्थ विकत घेणं. चौथ्या सुरात, म्हणजे mài, याचा अर्थ विकणं. tang पहिल्या सुरात tāng झालं की सूप, आणि दुसऱ्या सुरात táng झालं की साखर किंवा गोड गोळी. एकाच छापील ओळीतून चार वाक्यं निघतात:

wǒ mǎi táng – मी साखर विकत घेतो
wǒ mài táng – मी साखर विकतो
wǒ mǎi tāng – मी सूप विकत घेतो
wǒ mài tāng – मी सूप विकतो

चारही वाक्यं व्याकरणाने बिनचूक आहेत आणि चारही रोजच्या बोलण्यातली आहेत. सूर चुकला तर चिनी माणसाला ‘उच्चार जरा कच्चा आहे’ असं वाटत नाही, त्याला वेगळा शब्द ऐकू येतो. आपल्याकडे ‘माळा’ आणि ‘माळी’ यांत जसा शेवटचा स्वर वेगळा, तसा tāng आणि táng यांत सूर वेगळा, आणि त्याचं वजन तेवढंच. म्हणून सरावपत्रिकेतली खूण हा अक्षरावर नंतर चढवलेला दागिना समजू नये. ती स्पेलिंगचाच भाग आहे.

या एकाच ओळीवर पिनयिनच्या खुणांचं जवळजवळ सगळं शिकता येतं: खूण म्हणजे काय, ती कुठे करायची, आणि लिहिलेली खूण व कानावर पडणारा सूर कधी जुळत नाहीत. त्यामुळे शेवटपर्यंत हीच ओळ हाताशी ठेवू.

खूण काय सांगते

पिनयिन ही मँडरिन रोमन अक्षरांत लिहिण्याची चीनची अधिकृत पद्धत. ती ११ फेब्रुवारी १९५८ रोजी मंजूर झाली. तिच्यातल्या चार खुणा म्हणजे आवाजाच्या पट्टीचं छोटं चित्रच आहे. आडवी रेघ (ā) म्हणजे सपाट सूर, वर जाणारी तिरकी रेघ (á) म्हणजे चढता, खाली येऊन वर जाणारी टोकदार खूण (ǎ) म्हणजे खालचा, आणि खाली येणारी तिरकी रेघ (à) म्हणजे पडता.

चित्र किती उंचीवर काढायचं, हे कळण्यासाठी भाषाशास्त्रज्ञ चाओ युआनरन यांनी १९३० साली सुचवलेली पाच पायऱ्यांची मोजपट्टी आजही वापरतात. तुमच्या नेहमीच्या बोलण्यातला सगळ्यात खालचा आवाज १ आणि सगळ्यात वरचा ५ धरायचा. पहिला सूर ५५, म्हणजे वरच्या पायरीवर सुरू होऊन तिथेच थांबतो. दुसरा ३५, मधून वर जातो. तिसरा २१४, थोडा खाली जातो आणि मग वर येतो. चौथा ५१, वरून थेट तळाला येतो. हे आकडे बोलणाऱ्याच्या स्वतःच्या आवाजाशी सापेक्ष आहेत. भारदस्त आवाजाच्या आजोबांचा ५ आणि लहान मुलीचा ५ एकच नसतो, पण दोघांचा tāng ऐकणाऱ्याला tāng म्हणूनच कळतो. गाण्याचा कान नसला तरी त्यामुळे फार बिघडत नाही. नेमकी पट्टी कुणी विचारत नाही, सूर कोणत्या दिशेला जातो तेवढं हवं असतं.

याशिवाय एक हलका सूर आहे. तो असलेल्या सिलॅबलवर कोणतीच खूण करत नाहीत. प्रश्नाच्या शेवटी येणारा ma हे त्याचं नेहमीचं उदाहरण. तो आखूड आणि निवांत म्हणायचा. सरावपत्रिकेत रिकामी जागा दिसली की विद्यार्थ्यांना तिथे आडवी रेघ मारायचा मोह होतो. हलका सूर आणि पहिला सूर यांची गल्लत इथून सुरू होते.

मराठी विद्यार्थ्याची आणखी एक गल्लत आहे, आणि ती संस्कृतशी ओळख असलेल्यांची जास्त होते. संस्कृत रोमन लिपीत लिहिताना ā म्हणजे दीर्घ ‘आ’ आणि नुसता a म्हणजे ‘अ’. ही सवय घेऊन mā आणि ma वाचले की ते ‘मा’ आणि ‘म’ होतात. पिनयिनमध्ये आडव्या रेघेचा स्वराच्या लांबीशी काही संबंध नाही. mā, má, mǎ, mà या चारांत स्वर तोच ‘आ’ आहे, बदलते ती फक्त पट्टी. सुटे म्हटले तर उलट तिसरा सूर सगळ्यांत लांब आणि चौथा सगळ्यांत आखूड वाटतो. त्यामुळे कान ऱ्हस्व-दीर्घ शोधू लागला तर तो चुकीच्याच जागी पोचतो.

सरावपत्रिकेत सिलॅबलखाली देवनागरी उच्चार लिहून ठेवण्याची सवयही याच कारणाने टाळावी. táng खाली बहुतेक जण ‘तांग’ लिहितात. त्यात दोन गोष्टी हरवतात. पिनयिनचा t हा आपल्या ‘थ’च्या जवळचा महाप्राण आहे (‘त’च्या जवळचा आवाज d या अक्षराने लिहितात), आणि सूर तर देवनागरीत उतरतच नाही. अगदी लिहायचंच असेल तर ‘थांग २’ असं सुराच्या आकड्यासकट लिहावं.

सुराने अर्थ का बदलतो

मँडरिनमध्ये सूर न धरता मोजले तर सुमारे ४०० वेगवेगळे सिलॅबल आहेत. सूर धरले की ही संख्या बाराशे-तेराशेच्या घरात जाते. ४०० ला ४ ने गुणून १६०० होत नाहीत, कारण प्रत्येक सिलॅबल चारही सुरांत वापरात नाही. तरीही फरक तिपटीचा आहे. बहुतेक अर्थपूर्ण घटक एकाच सिलॅबलचे असलेल्या भाषेत ही तिप्पट जागा सोडून चालणार नाही. tang या एकाच घरात चार बिऱ्हाडं आहेत: tāng सूप, táng साखर, tǎng आडवं होणं, tàng हात भाजेल इतकं गरम. ‘सूप फार गरम आहे’ हे tāng hěn tàng. सूर काढले की वाक्याच्या दोन्ही टोकांना एकच शब्द उरतो.

पण सूर आले कुठून? इथे आपल्या ओळीतल्या दोन्ही जोड्या फार सुंदर उत्तर देतात.

सुमारे चौदाशे वर्षांपूर्वीच्या चिनी भाषेत सूप आणि साखर या शब्दांची सुरुवात वेगळ्या व्यंजनांनी होत असे. सूप ‘थ’ने सुरू होई, साखर ‘द’ने. पुढे उत्तरेकडच्या बोलींत ‘द’सारखी घोष व्यंजनं अघोष झाली आणि दोन्ही शब्द ‘थ’वर आले. घोष व्यंजनानंतर आवाज जरा खालून सुरू होतो. तो खालून येणारा आवाज मात्र मागे राहिला, आणि व्यंजनाचं काम तोच करू लागला. म्हणून आज tāng वरच्या पट्टीवर सपाट आहे आणि táng खालून चढतो. व्यंजनातला भेद नाहीसा झाला, त्याच्या जागी सुरातला भेद उभा राहिला.

हे फक्त चिनीत घडलं असं नाही. पंजाबीत ‘घोड़ा’ लिहितात, पण उच्चारात ‘घ’ राहिलेला नाही. तिथे ‘क’ आणि त्यावर खालचा सूर येतो. त्यामुळे घोडा आणि चाबूक (कोड़ा) हे शब्द तिथे सुराने वेगळे ओळखले जातात. पंजाबी मित्राला हे दोन शब्द पाठोपाठ म्हणायला सांगा. सूर म्हणजे काय, ते तक्त्यापेक्षा लवकर कळेल.

दुसरी जोडी, mǎi आणि mài, आणखी जुनी आहे. घेणं आणि विकणं हे दोन्ही शब्द मुळात एकाच शब्दाची रूपं आहेत. फ्रेंच भाषाशास्त्रज्ञ आंद्रे ओद्रिकूर यांनी १९५४ साली मांडलेल्या आणि आज बहुतेक अभ्यासक मानतात त्या विचारानुसार, प्राचीन चिनीत शब्दाच्या शेवटी येणारा ‘स्’ गळून गेला आणि त्या जागी एक सूर आला. मँडरिनचा चौथा सूर मोठ्या प्रमाणात त्यातून उतरला आहे. हा ‘स्’ प्रत्यय म्हणूनही लागत असे. ‘घेणं’ या क्रियापदाला तो लागून ‘घ्यायला लावणं’, म्हणजे विकणं, असा शब्द बनला. प्रत्यय गेला, सूर उरला. म्हणजे mài च्या डोक्यावरची तिरकी रेघ ही एका हरवलेल्या प्रत्ययाची जागा आहे.

खूण कुठे करायची

खूण नेहमी स्वरावर येते, व्यंजनावर नाही. सिलॅबलमध्ये एकच स्वर असला तर प्रश्नच नाही: wǒ, táng. दोन-तीन स्वर असले की निवड करावी लागते. चीनमधली पहिलीतली मुलं यासाठी एक यमक पाठ करतात. त्याचा आशय असा: a दिसला तर त्याला सोडू नका, a नसेल तर o किंवा e शोधा, आणि i व u शेजारी-शेजारी असतील तर मागच्यावर खूण करा.

एवढ्यात सगळं बसतं. mai मध्ये a आहे, म्हणून mǎi. हात सवयीने शेवटच्या अक्षराकडे जातो आणि ‘maǐ’ होतं, ती चूक. xue मध्ये a नाही, e आहे, म्हणून xué. dou मध्ये o, म्हणून dōu. guo मध्येही o, म्हणून guó. liu मध्ये फक्त i आणि u, मागचा u, म्हणून liú. gui मध्ये मागचा i, म्हणून guì. ‘a आणि e दोन्ही आले तर काय’ असं विचारावं लागत नाही, कारण पिनयिनच्या एकाही सिलॅबलमध्ये ते एकत्र येत नाहीत. o आणि e यांचंही तसंच.

शेवटचा नियम विचित्र वाटतो, पण त्याला कारण आहे. खूण सिलॅबलमधल्या सगळ्यात ठळक स्वरावर येते. liu हे खरं तर liou चं आणि gui हे guei चं आखूड स्पेलिंग आहे. मधले o आणि e हेच ठळक स्वर होते. स्पेलिंग आखडताना तेच गेले, मग खूण शेवटी उरलेल्या स्वरावर आली. हे लक्षात असलं की liu म्हणतानाही मधला पुसट ‘ओ’ आणि gui म्हणताना मधला पुसट ‘ए’ आपोआप येतो, आणि उच्चार सुधारतो.

हाताने लिहिताना क्रम असा ठेवावा: आधी पूर्ण सिलॅबल लिहायचं, मग खूण. अक्षर लिहिता-लिहिता खूण केली तर liu मध्ये पहिला स्वर i येताच तिथेच खूण पडते. i वर खूण आली की त्याचा टिंब जातो: guì, nǐ. पण ü चे दोन टिंब जात नाहीत. खूण त्यांच्या वर येते: nǚ (बाई), lǜ (हिरवा). इथे टिंब गाळणं ही किरकोळ चूक नाही, कारण lù म्हणजे रस्ता. j, q, x आणि y नंतर मात्र ü चे टिंब लिहीतच नाहीत, म्हणून yuè (महिना) असं येतं आणि खूण e वर जाते.

चिनी शाळांतल्या पिनयिन वहीला चार रेघा आणि तीन घरं असतात. अक्षराचं अंग मधल्या घरात, खूण वरच्या घरात. दुसऱ्या सुराची रेघ खालून वर ओढायची आणि चौथ्याची वरून खाली, म्हणजे आवाज जातो तिकडेच पेन जातं. छापल्यावर कुणी कुठून ओढली हे दिसत नाही, पण दुसऱ्या आणि चौथ्या सुरांच्या खुणा उलट्या पडण्याची चूक या सवयीने बरीच कमी होते. तिसऱ्या सुराची खूण तळाशी टोकदार हवी. वाटीसारखी गोल काढली तर ती वेगळी खूण होते, पिनयिनची नाही.

ही गोल खूण संगणकावर जास्त त्रास देते. ǎ आणि ă डोळ्यांना सारखे वाटतात, पण संगणकासाठी ती दोन वेगळी अक्षरं आहेत:

```
ǎ  U+01CE  (टोकदार, बरोबर)
ă  U+0103  (गोल, चूक)
```

कुठून तरी कॉपी करून आणलेल्या mǎi मध्ये चुकून गोल खूण आली, तर पाहणाऱ्याला ती कळणारही नाही. पण शब्दकोशात शोधलं की शब्द सापडत नाही, आणि उत्तरं आपोआप तपासणाऱ्या सरावात बरोबर उत्तर चूक ठरतं. दुसरं लक्षण फॉन्टचं: ओळीत ǎ किंवा ǚ एवढंच अक्षर जाड किंवा वेगळ्या वळणाचं दिसलं, तर त्या फॉन्टमध्ये ते अक्षर नाही आणि संगणकाने दुसऱ्या फॉन्टमधून उसनं आणलं आहे. पत्रिका छापण्याआधी पूर्ण ओळीचा फॉन्ट बदलावा. जिथे खुणा टाइप करणं शक्यच नाही, तिथे wo3 mai3 tang2 असे आकडे चालतात. फोनवरच्या चिनी टायपिंगमध्ये ü साठी v दाबतात, त्यामुळे घाईत बनवलेल्या पत्रिकांत nǚ ऐवजी nv छापलेलं दिसतं. ते स्पेलिंग नव्हे, ती फक्त कळ आहे.

लिहिलेलं एक, ऐकू येतं दुसरं

आता ओळ मोठ्याने वाचू. wǒ mǎi táng. लागोपाठ दोन तिसरे सूर आले की मँडरिनमध्ये पहिला तिसरा सूर दुसऱ्यासारखा चढतो. म्हणजे कानावर wó mǎi táng येतं. लिहायचं मात्र wǒ च. nǐ hǎo हे याचंच सगळ्यांच्या ओळखीचं उदाहरण: लिहितात nǐ, म्हणतात ní.

श्रुतलेखनात इथेच वाद होतो. विद्यार्थी प्रामाणिकपणे ऐकलं ते wó लिहितो आणि त्यावर लाल फुली येते. चीनच्या पिनयिन लेखनाच्या २०१२ च्या राष्ट्रीय मानकात नियम स्पष्ट आहे: मूळ सूर लिहायचा, बदललेला नाही. उच्चार शिकवण्यासाठी गरज असेल तर बदललेला सूर लिहायला मुभा आहे. म्हणून पत्रिकेच्या माथ्यावर ‘मूळ सूर लिहा’ किंवा ‘ऐकलेला सूर लिहा’ यांपैकी एक सूचना असलीच पाहिजे. ती नसेल तर विद्यार्थ्याने विचारून घ्यावी. ज्याचा कान तयार होत आहे त्याचेच गुण या गोंधळात जातात, आणि हे फार चुकीचं आहे.

तिसऱ्या सुराबद्दल आणखी एक गोष्ट, आणि माझ्या मते सुरुवातीच्या पत्रिकांत सांगायची राहते ती हीच. ǎ ही खूण ‘खाली जा, वर या’ असं दाखवते. पण वर येणं फक्त शब्द एकटा असताना किंवा वाक्याच्या शेवटी जोर देऊन म्हटला तरच होतं. पुढे पहिला, दुसरा किंवा चौथा सूर आला की तिसरा सूर तळाशी जाऊन तिथेच थांबतो, वर येत नाही. mǎi táng म्हणताना mǎi नुसता खाली राहायला हवा. विद्यार्थी खुणेवर विश्वास ठेवून प्रत्येक तिसरा सूर पूर्ण वळवतात. बोलणं हेलकावे खात जातं, आणि वर आलेला तिसरा सूर ऐकणाऱ्याला दुसरा वाटतो. तिसरा सूर ‘खालचा सूर’ म्हणून पाठ करावा आणि वळण हा त्याचा क्वचितचा प्रकार समजावा.

या बदलांचा एक फायदाही आहे. wǒ mǎi मध्ये wǒ चढतो, पण wǒ mài मध्ये तो खालीच राहतो, कारण पुढे चौथा सूर आहे. म्हणजे ‘मी’ या शब्दाच्या सुरावरूनच चिनी कानाला चाहूल लागते की पुढे ‘घेणं’ येत आहे की ‘विकणं’. नकार घातला तर चाहूल आणखी ठळक होते. ‘नाही’ म्हणजे bù, चौथ्या सुरात. पण त्याच्या पुढे चौथाच सूर आला की तो दुसरा होतो:

wǒ bù mǎi táng – मी साखर घेत नाही
wǒ bú mài táng – मी साखर विकत नाही

bù च्या बाबतीत शिकणाऱ्यांसाठीची बरीच पुस्तकं बदललेला सूरच छापतात, म्हणून एकाच पानावर bù आणि bú दोन्ही दिसतात. ‘एक’ या अर्थाच्या yī चंही तसंच: सुटा म्हटला तर yī, चौथ्या सुराआधी yí, इतर सुरांआधी yì. तिसऱ्या सुराचा बदल मात्र ही पुस्तकंही सहसा छापत नाहीत. ही विसंगती माहीत असली की छपाईची चूक वाटून वेळ जात नाही.

मराठी जीभ कुठे घसरते

मराठीतही आवाज वर-खाली होतो, पण तो वाक्याचा असतो. ‘साखर घेतली.’ आणि ‘साखर घेतली?’ यांत शब्द तेच, फक्त शेवट पडतो किंवा चढतो. हे आपण इतकं नकळत करतो की मँडरिन बोलतानाही सुटत नाही. परिणाम वाक्याच्या शेवटच्या सिलॅबलवर होतो. wǒ mǎi tāng हे साधं विधान म्हणताना आवाज खाली सोडला की tāng पडतो आणि ‘गरम’ या अर्थाचा tàng वाटतो. तेच प्रश्नासारखं चढवलं की tāng साखर होतं. मँडरिनमध्ये प्रश्न विचारताना पूर्ण वाक्याची पट्टी थोडी वर जाऊ शकते, पण tāng सपाटच राहायला हवा, फक्त जरा उंचावर. नाहीतर शेवटी ma लावावा आणि प्रश्नाचं काम त्याच्यावर सोपवावं: nǐ mǎi tāng ma?

म्हणून सरावपत्रिका बनवणाऱ्यांनी तीन कामं वेगळी ठेवावीत. खूण योग्य स्वरावर करणं हे एक काम. त्यासाठी liu2, gui4, xue2, mai3 असे आकडे द्यावेत, म्हणजे सूर ओळखायचा नसतो, जागा ओळखायची असते. ऐकून सूर ओळखणं हे दुसरं. अर्थावरून सूर आठवणं हे तिसरं. तिन्ही एकाच प्रश्नात घातली तर उत्तर चुकल्यावर कान चुकला, नियम चुकला की पाठांतर, हे कुणालाच कळत नाही. ऐकण्याचा सराव सुट्या सिलॅबलवर फार दिवस ठेवू नये. दोन-दोनच्या जोड्या घ्याव्यात. पहिल्या जागी चार सूर, दुसऱ्या जागी चार आणि हलका, अशा २० जोड्या होतात. त्यांतली ३+३ ही जोडी कानाला २+३ सारखीच येते, म्हणून ऐकू येणाऱ्या १९. खरं बोलणं या १९ जोड्यांनीच बनलेलं आहे.

स्वतःचा उच्चार तपासायचा असेल तर आपली चार वाक्यं पुन्हा घ्या. क्रम बदलून, प्रत्येक तीनदा, अशी १२ वाक्यं फोनवर रेकॉर्ड करा. कोणतं केव्हा म्हटलं ते वेगळ्या कागदावर लिहून ठेवा. दुसऱ्या दिवशी, किंवा मँडरिन येणाऱ्या कुणाकडून, त्या १२ ओळींवर ऐकून खुणा करून घ्या आणि दोन्ही कागद शेजारी ठेवा. mai वर चुका जास्त दिसल्या तर बहुधा तिसरा सूर वर वळतो आहे, किंवा चौथा सूर तळापर्यंत न जाता मधेच थांबतो आहे. tang वर चुका जास्त असतील तर वाक्याचा शेवट सूर ओढून नेतो आहे. खात्री करायला तोच शब्द वाक्याच्या सुरुवातीला आणा: tāng hěn hǎo (सूप छान आहे), táng hěn hǎo (साखर छान आहे). इथे दोन्ही नीट ओळखू आले, तर tāng आणि táng तुम्हाला येतात. अडचण फक्त वाक्य संपवताना आहे, आणि पुढचा सराव तेवढ्याच जागेवर करायचा.